स्पेनमध्ये जेवण झाल्यावर टेबलावर किती वेळ बसतात? (सोब्रेमेसा)

पेरूची_फोड

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त माद्रिदला आले आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीने येत्या रविवारी तिच्या आईवडिलांकडे बायादोलिदला जेवायला बोलावलंय. वेळ दुपारी दोनची. इथून आगगाडीने तासाभराचं अंतर. मी परतीचं तिकीट साडेचारचं काढते म्हटल्यावर ती खो-खो हसली आणि म्हणाली, "मग सोब्रेमेसा कधी करणार?"

जेवणानंतर टेबलावरच गप्पा मारत बसायचं, एवढं मला ठाऊक आहे. ऑफिसजवळच्या खानावळीत बघतेच की, ताटं गेली तरी माणसं हलत नाहीत. पण कुणाच्या घरी हा प्रकार कधी अनुभवलेला नाही. त्या वेळात नेमकं करतात काय? किती वाजेपर्यंत चालतं? आणि उठायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? मी शाकाहारी आहे, दारू घेत नाही आणि माझं स्पॅनिश कामापुरतंच आहे. तिकीट आज-उद्या काढायचंय.

खारी_बिस्कीट

साडेचारला? साडेचारला तुम्हाला कॉफीसुद्धा मिळालेली नसेल.

मोदकप्रेमी

अरे वा, सोब्रेमेसा! लिस्बनला होतो तेव्हा रोज मागवायचो. तांदळाची खीर मागवा, वर दालचिनीची छान नक्षी काढून देतात. अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी पिवळा बलक घालतात.

खारी_बिस्कीट

मोदकप्रेमी, तो पोर्तुगाल. तिकडे सोब्रेमेसा म्हणजे जेवणानंतरचं गोड. धागाकर्ती स्पेनमध्ये आहे, तिथे गोड खाऊन झाल्यावर जे चालतं ते सोब्रेमेसा.

मोदकप्रेमी

असं होय. खीर तरी खाच. :)

सागरगोटा

माझं सासर पालेन्सियाकडचं, म्हणजे बायादोलिदच्या शेजारचंच. रविवारचं जेवण कसं चालतं ते आमच्या घरच्या घड्याळावरून सांगते. घरोघरी थोडा फरक असणार, पण तिकिटापुरतं नक्की उपयोगी पडेल.

दोन वाजता बोलावलंय म्हणजे दोनला जेवायला बसणार असं समजू नका. सव्वादोनपर्यंत मंडळी जमतात. मग स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या किंवा कोपऱ्यावरच्या बारमध्ये वेरमूत, ऑलिव्ह, बटाट्याच्या काचऱ्या. टेबलाला पावणेतीन-तीनला बसायचं. आधी एखादं सूप, डाळ-कडधान्य नाहीतर सॅलड. मग मुख्य पदार्थ. तुमच्या बाबतीत तो बहुधा लेचाथो असेल, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात भाजलेलं दुधावरचं कोकरू. त्या भागाची शान आहे ती, त्यामुळे तुम्ही खात नाही हे मैत्रिणीला आजच सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर तिची आई कावरीबावरी होईल.

ताटं चारच्या सुमारास उचलतात. नंतर फळांची मोठी वाटी येते आणि प्रत्येकाला एक सुरी. संत्रं सोलायला आमचे सासरे जेवढा वेळ घेतात तेवढ्यात माझा अख्खा स्वयंपाक होतो. मग केक, पेस्ट्री जे काही असेल ते. त्यानंतर घरातलं कुणीतरी उठून एकेकाला विचारतं, कॉफी कशी हवी? नुसती काळी म्हणजे सोलो, दुधाचा जरासा शिडकावा म्हणजे कोर्तादो, अर्धं दूध म्हणजे कोन लेचे. कॉफी नको असेल तर कॅमोमाईल किंवा पुदिन्याचा काढा मागा, कुणाला वावगं वाटत नाही.

इथपर्यंत सगळं जेवणातच मोडतं. कॉफीचे कप टेबलावर आले की सोब्रेमेसा सुरू. टेबलक्लॉथ काढत नाहीत, पावाचा चुरा तसाच राहतो, वाईनचे पेलेही राहतात. कपाटातून बाटल्या निघतात. नव्हार्राकडचं पाचारान (रानटी आंबट बोरासारखी फळं बडीशेपेच्या दारूत मुरवतात), गॅलिसियाचं ओरुखो. छोट्या पेल्यात, घोट-घोट. तुम्ही नको म्हटलंत तरी चालतं, समोर काहीतरी पेय असलं म्हणजे झालं. चॉकलेटं, बदाम, अक्रोड फिरत राहतात. साडेपाचच्या पुढेमागे पत्ते निघतात किंवा जुने फोटो.

तिकीट आठनंतरचं काढा.

टवाळ_कार्टं

आठ?! जेवायला जातेय का लग्नाला?

कारण सोपं आहे मंडळी. तिथे दुपारी मरणाचं ऊन असतं, बाहेर पडता येत नाही, म्हणून माणसं बसून राहतात. आणि सगळं उशिरा चालतं कारण फ्रँकोने हिटलरला खूश करायला घड्याळ तासभर पुढे केलं. तेव्हापासून देश तासभर लेट.

दुर्बीण

टवाळराव, अर्धंच बरोबर. घड्याळ १९४० च्या मार्चमध्ये पुढे नेलं हे खरं, आणि ते परत मागे आलं नाही हेही खरं. पण त्यामुळे काय झालं ते बघा. माद्रिद ग्रिनिचच्याही पश्चिमेला आहे आणि घड्याळ मात्र बर्लिनचं. त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो हिवाळ्यात सव्वाएकला आणि उन्हाळ्यात सव्वादोनला. म्हणजे उन्हाळ्यात अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबाने सव्वाबाराला जेवतोय. जेवायची वेळ घड्याळात उशिराची का दिसते याचं काहीसं उत्तर यातून मिळतं. जेवल्यावर दोन-दोन तास का बसतात याचं मिळत नाही. बर्लिनचं घड्याळ फ्रान्समध्येही आहे.

उन्हाचं म्हणाल तर बायादोलिदचा जानेवारी अनुभवा. धुकं आणि शून्याच्या आसपास तापमान. तरी लोक बसतातच.

सागरगोटा

बसतात म्हणजे काय, हिवाळ्यात तर उठवत नाही! आमच्या सासूबाईंच्या आईकडे अजून मेसा कामिया आहे. गोल टेबल, त्याला जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड आणि आत खालच्या फळीच्या भोकात शेगडी. पूर्वी निखारे असत, आता विजेची असते. सगळ्यांनी ते कापड मांडीवर ओढून घ्यायचं. पाय गरम, पाठ गार. बाकीच्या खोलीत थंडी वाजत असताना कोण उठेल?

ताट_वाटी

यात नवीन काय आहे? आपल्याकडे हे पूर्वापार चालत आलंय. जेवणं झाली की हात वाळेपर्यंत गप्पा. उगाच परदेशी शब्द मिळाला की कौतुक.

शेवगा

हात वाळेपर्यंत गप्पा खऱ्या, पण त्या घरच्याघरी, चार माणसांत. पंगतीत काय होतं ते आठवा. वाढपी "सावकाश होऊ द्या" म्हणतात आणि दुसऱ्या पंगतीची माणसं तुमच्या मागे उभी असतात. सगळे एकदम उठतात, हात धुतात, आणि गप्पा होतात त्या ओसरीवर विडा चघळत. जेवणाची जागा खरकटी, ती लगेच पुसायची. स्पेनमध्ये उष्ट्या पेल्यांसकट त्याच जागी बसून राहतात, फरक तिथे आहे. चांगलं कुठलं ते ज्याचं त्याने ठरवावं.

ताट_वाटी

आमच्या घरी टेबल आहे आणि आम्ही बसतो. बाकी चालू द्या.

कढीपत्ता

मी शिकत असताना वालेन्सियाला एका हॉटेलात रविवारी वाढपकाम करायचो. टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक खुर्चीत बसलेले असतात.

बिल न मागता टेबलावर ठेवायचं नाही, हा पहिल्याच दिवशी मिळालेला धडा. गिऱ्हाईक हवेत बोटाने लिहिल्यासारखी खूण करेल, "ला कुएंता" म्हणेल, तेव्हाच न्यायचं. आधी नेलं तर त्याचा अर्थ "निघा आता" असाच होतो. म्हणून तुम्ही तास-तास बसलात तरी कुणी विचारणार नाही.

पण आमचं काय होतं? रविवारी शेवटची ऑर्डर साधारण चारला. स्वयंपाकघर बंद. आचारी जेवून घेतात. आमची पाळी पाचला संपायची आणि पुन्हा आठला हजर. मधले तीन तास माझे. आता कोपऱ्यातलं बारा माणसांचं कुटुंब सहापर्यंत बसलं तर ते तीन तास दोनच उरतात, आणि ते बसलेत पॅएय्याच्या आनंदात. त्यांना काही म्हणता येत नाही. मग आमच्या खुणा सुरू. आधी शेजारच्या टेबलांवर रात्रीची मांडामांड करायची. मग लांबचे दिवे मालवायचे. मग कुणीतरी दूरच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लागतं. तरी नाही हलले तर मालक स्वतः चुपितोंचा, म्हणजे दारूच्या छोट्या पेल्यांचा, ट्रे घेऊन येतो, "आमच्याकडून!" तो पाहुणचारही असतो आणि, वेळ बघितली तर, निरोपाचा नारळही.

हल्ली मोठ्या शहरांत, समुद्रकाठी, चालणारी हॉटेलं दोन पाळ्या लावतात. दीडची पाळी आणि साडेतीनची. टेबल राखून ठेवतानाच सांगतात की साडेतीनपर्यंतच तुमचं. याला ते "टेबल दुप्पट करणं" म्हणतात. आमच्या मालकाने ते सुरू केलं तेव्हा जुनी गिऱ्हाइकं इतकी चिडली की काही महिने आलीच नाहीत. गल्ला मात्र वाढला.

खारी_बिस्कीट

"निरोपाचा नारळ" एकदम बेस्ट.

टवाळ_कार्टं

कढीपत्ता, मग टिप किती ठेवायचे सहापर्यंत बसणारे?

कढीपत्ता

सुट्टी नाणी. तो वेगळा धागा काढा, मी रडायला येतो.

बार्सेलोनाकर

इथे सगळे असं लिहितायत की जणू अख्खा स्पेन रोज सहापर्यंत टेबलावर बसतो. आमच्या ऑफिसात लोक डबा आणतात. डब्याला सरळ "तपेर" म्हणतात, त्या प्लास्टिकच्या डब्यांच्या कंपनीवरून. मायक्रोवेव्हपुढे रांग, पंचवीस मिनिटांत जेवण, मशीनची कॉफी, परत खुर्चीत. ज्यांना दोन तासांची सुट्टी मिळते त्यांना रात्री आठपर्यंत कामावर बसावं लागतं, तेव्हा तिचं कुणाला फार प्रेम नाही. लवकर सोडा, जेवण आटोपतं घेतो, असं म्हणणारेच माझ्या आसपास जास्त. रविवारचा मामला वेगळा, ते मान्य.

दुर्बीण

बार्सेलोनाकर यांना अनुमोदन. खानावळीतला "मेनू देल दिया" हा प्रकारही कामगारांना लवकर आणि ठरलेल्या पैशांत जेवता यावं असाच झालाय. मुळात १९६४ मध्ये पर्यटन खात्याने पर्यटकांसाठी ठरवून दिलेला मेनू तो, नंतर तो कामाच्या दिवसाचं जेवण बनला. एक पहिला पदार्थ, एक दुसरा, पाव, पेय, आणि गोड किंवा कॉफी. त्यात "किंवा" आहे ते लक्षात घ्या. बहुतेक जण गोड घेतात, मग कॉफी वेगळी मागवतात, आणि ती पंधरा-वीस मिनिटं हीच त्यांची रोजची सोब्रेमेसा.

चहाबाज_ताई

इतका वेळ वाचतेय, एक प्रश्न कुणीच विचारला नाही. भांडी कोण घासतं? कॉफी कोण आणतं? तीन तास बारा माणसं बसणार म्हणजे कुणीतरी एक बाई तीन तास ये-जा करणार. सागरगोटाताई, "घरातलं कुणीतरी उठून विचारतं" असं लिहिलंय तुम्ही. त्या कुणीतरीचं नाव सांगा.

सागरगोटा

चहाबाजताई, पकडलंत. आमच्याकडे त्या कुणीतरी म्हणजे वर्षानुवर्षं सासूबाईच होत्या. गप्पांचा निम्मा भाग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून, हातात फडकं घेऊन ऐकला असेल. आता आमच्या पिढीत डिशवॉशर आहे आणि कॉफी करायला दीर उठतात. पण फळांची सालं गोळा करायला अजूनही नणंदच उठते, आणि दर वेळी सासरे म्हणतात, "राहू दे गं, बस." स्वतः मात्र उठत नाहीत.

चहाबाज_ताई

"राहू दे गं, बस" म्हणणारे सासरे जगभर एकाच कारखान्यात बनतात.

शेवगा

म्हणूनच त्यांना हॉटेलातली सोब्रेमेसा आवडत असेल. तिथे फडकं कढीपत्त्याच्या हातात.

पत्ते_पंडित

पत्त्यांचा विषय निघाला म्हणून हजर. त्या भागात बहुतेक मूस खेळतील. चौघं, दोन-दोनच्या जोड्या, चाळीस पानांचा स्पॅनिश कॅट. गंमत अशी की यात भिडूला खुणा करायला परवानगी आहे, फक्त समोरच्यांना दिसता कामा नये. खालचा ओठ चावला तर दोन राजे, जिभेचं टोक दाखवलं तर दोन एक्के. खोटी खूण करणं मात्र पाप. गुण मोजायला खडे, हरभरे, काहीही चालतं.

पेरूताई, पहिल्याच दिवशी खेळायला बसू नका. पैज वाढवणं आणि थापा मारणं भराभर चालतं, आणि भाषा येणाऱ्यालाही झेपत नाही. भिडूच्या मागे बसून बघा. पाहुण्याला पत्ते बघत बसलेलं पाहून कुणाला वाईट वाटत नाही.

पेरूची_फोड

बापरे, किती छान माहिती! सागरगोटाताई, मैत्रिणीला कोकराचं आत्ताच कळवलं. ती म्हणाली, आई ऐकून दहा मिनिटं गप्प होती, मग म्हणाली की बटाट्याचं आमलेट करते. अंडं मला चालतं.

पण मुख्य भीती बोलण्याची आहे. तीन तास मी काय बोलणार? माझं स्पॅनिश मीटिंगचं आहे.

सागरगोटा

बोलावं लागणारच नाही, जागा मिळाली तर ना! एकाच वेळी तिघं बोलतात. मध्ये तोडणं हा उद्धटपणा नाही, लक्ष असल्याची खूण आहे. सुरुवातीला मला वाटायचं यांची भांडणं चाललीत. विषय म्हणजे शेजारी, कुणाचं ऑपरेशन, फुटबॉल, कुठल्या गावात कुठला चीज चांगला मिळतो, आणि आपण आत्ताच जे जेवलो ते. पगार कुणी विचारत नाही. राजकारण निघालं तर त्या घरच्या माणसांकडे सोडून द्या. यादवी युद्धाच्या जखमा काही घरांत अजून टेबलाखाली असतात.

आणि प्रत्येक घरात एक सर्वज्ञ मेहुणा असतो. स्पॅनिशमध्ये त्याला "कुन्यादो" म्हणतात आणि ती आता शिवीच झालीय. तुम्ही किती पैशांत काय घेतलंत ते सांगा, तो त्याहून स्वस्तात कुठे मिळालं असतं ते सांगतो. तुमच्या शेजारी तो बसला तर चिंताच मिटली. तुम्ही फक्त "क्लारो, क्लारो" म्हणायचं.

टवाळ_कार्टं

आमच्याकडे तो मीच आहे.

दुर्बीण

कल्पना आहे.

नाना_फडणीस_नव्हे

अवांतर: मी तीस-एक वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने बिल्बाओला जायचो. तेव्हा जेवणानंतर कॉफी, दारूचा पेला आणि सिगार हे त्रिकूट असायचं. दुपारी चारला हॉटेलात समोरचा माणूस दिसायचा नाही इतका धूर. सौद्याचं बोलणं जेवताना काढलं तर ते विषय बदलायचे. कॉफी आली की स्वतःच म्हणायचे, हं, बोला. आमच्या साहेबांना ते शेवटपर्यंत उमगलं नाही. सुपाबरोबर दरपत्रक काढायचे. आता धूर असतो का?

कढीपत्ता

नाही नाना. २ जानेवारी २०११ पासून बार आणि हॉटेलांत आत धूम्रपान पूर्ण बंद आहे. पिणारे बाहेर फुटपाथवर जातात, त्यामुळे सोब्रेमेसेला गळती लागली असं जुने वाढपी म्हणायचे. चौघं बाहेर, चौघं आत, गप्पा तुटतात. मालकांना याची फार खंत नव्हती.

कामाचं बोलणं कॉफीवर, हे मात्र आजही बघितलंय.

बार्सेलोनाकर

तरुण मंडळी आता आणखी एक करतात. जेवून टेबलावर तासभर, मग तिथून उठून सगळे मिळून बारमध्ये, संध्याकाळी सात-आठपर्यंत. त्याला "तार्देओ" म्हणतात. माझ्या मते ही सोब्रेमेसाच आहे, फक्त पायांवर. माझ्या स्पॅनिश रूममेटच्या मते अजिबात नाही, खुर्ची सोडली की संपलं. आमचा वाद चालू आहे.

पेरूची_फोड

एक प्रश्न राहिलाच. उठायची वेळ कशी ओळखायची?

सागरगोटा

तुम्ही पहिल्या उठू नका, आणि कॉफीच्या आधी तर नाहीच. कुणीतरी दोन्ही हात मांडीवर आपटून म्हणेल, "ब्वेनो... पुएस नादा." म्हणजे शब्दशः काहीच नाही, पण निघायची ती पहिली घंटा. तिच्यावर कुणी हलत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा येईल, तेव्हा खुर्च्या सरकतात. मग प्रत्येकाच्या दोन्ही गालांना गाल, आणि दारात पुन्हा वीस मिनिटं. गाडी गाठायची असेल तर गाडीची वेळ आल्या-आल्याच सांगून ठेवा. मग घरचेच तुमच्या वतीने घड्याळ बघतात आणि कुणीतरी स्टेशनवर सोडतं. चाललं असताना मध्येच सांगितलंत तर जेवण आवडलं नाही असं वाटेल.

शेवगा

हातात काय न्यायचं तेही सांगा की.

सागरगोटा

हो. सकाळी निघताना किंवा तिथे उतरल्यावर पेस्ट्रीच्या दुकानातून छोट्या पेस्ट्रींचा ट्रे घ्या. रविवारी दुपारपर्यंत दुकानं उघडी असतात, कागदात गुंडाळून वर दोरी बांधून देतात. माणशी दोन-तीन नग धरा. तो कॉफीबरोबर तिथेच फोडतात, त्यामुळे तुम्हाला काय चालतं ते बघून निवडा. वाईन नेऊ नका, त्या भागात प्रत्येकाचा ठरलेला वाईनवाला असतो आणि मेहुण्याला विषय मिळेल.

पेरूची_फोड

आठ वाजून काही मिनिटांची गाडी आहे, तीच काढतेय. बदलता येणारं तिकीट थोडं महाग आहे. घेऊ का?

खारी_बिस्कीट

घ्या.

कढीपत्ता

घ्या.

टवाळ_कार्टं

साडेचारचंच काढा, वृत्तांत जास्त मजेशीर होईल.